‘सगळे सहाबा निष्पाप, म्हणून तपास बंद’ : या फॉरवर्डची गोष्ट

“मुस्लिमांच्या मते पैगंबरांचे सगळे साथीदार, म्हणजे सहाबा, निष्पाप. हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. पैगंबरांना एकदा लांबून पाहिलं तरी माणूस सहाबी. आणि सहाबी म्हटला की तपास बंद, तो म्हणेल ते खरं. असलं हदीसशास्त्र म्हणजे आपल्याच माणसांना आपणच दिलेली क्लीन चिट!”

गेल्या महिनाभरात तीन ग्रुपवर आलं हे, एका ठिकाणी तर आमच्याच चुलतभावाने टाकलं, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूच. आधीच सांगतो, यातलं सगळंच खोटं नाहीये, शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे आणि तिथे मी येणारच आहे, पण तिथपर्यंत जाताना लिहिणाऱ्याने चार ठिकाणी ठेच खाल्लीये.

पहिली ठेच ‘निष्पाप’ या शब्दावर. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, मासूम आणि आदिल. मासूम म्हणजे ज्याच्याकडून पाप होतच नाही, हे सुन्नी लोक फक्त पैगंबरांबद्दल म्हणतात (शिया त्यात आपले इमाम धरतात). सहाबांबद्दल शब्द येतो तो आदिल, आणि हदीसवाल्यांच्या, म्हणजे पैगंबरांची वचनं जमवून तपासणाऱ्यांच्या, तोंडी त्याचा अर्थ अगदी मर्यादित आहे, तो असा की हा माणूस पैगंबरांच्या नावावर जाणूनबुजून खोटं सांगणार नाही. बस. तो दारू पिणार नाही, चिडणार नाही, चुकणार नाही, असं त्यात कुठेच नाही. तसं असतं तर हदीसच्या पुस्तकांत सहाबांना झालेल्या शिक्षा आल्याच नसत्या. माइज इब्न मालिकने स्वतः येऊन व्यभिचार कबूल केला, त्याला दगडमार झाली. हातिबने मक्केवरच्या स्वारीची खबर चिठ्ठी लिहून कुरैशांना कळवायचा प्रयत्न केला, हजरत उमर तर त्याची मान उडवायला निघाले होते, पण तो बद्रच्या लढाईत होता म्हणून पैगंबरसाहेबांनी सोडून दिलं.

आणि सगळ्यात भारी केस वलीद इब्न उकबाची. हा खलिफा उस्मानचा आईकडून भाऊ, कूफ्याचा गव्हर्नर. एक दिवस पिऊन आला, फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज पढवली आणि मागे वळून लोकांना विचारतो, अजून वाढवू का? मदिनेत खटला उभा राहिला, फटके बसले, अलीसाहेब बाजूला उभे राहून मोजत होते आणि चाळीसवर थांबा म्हणाले. ही गोष्ट सहाबांच्या कुठल्या विरोधकाने रचलेली नाही बरं का, सहीह मुस्लिम या नावाजलेल्या हदीससंग्रहात आहे. याच वलीदला पैगंबरांच्या काळात बनू मुस्तलिक टोळीकडे जकात गोळा करायला पाठवलं होतं, तर हा घाबरून अर्ध्या वाटेतून परतला आणि सांगितलं की ते लोक द्यायला नाही म्हणतात. यावरूनच कुराणातली ती आयत आली असं बहुतेक भाष्यकार सांगतात, की एखादा फासिक, म्हणजे पापी, बेभरवशाचा माणूस, बातमी घेऊन आला तर आधी खातरजमा करा (४९:६). आता गंमत बघा, इमाम मुस्लिम आपल्या सहीहच्या प्रस्तावनेत, कुणाची हदीस घ्यायची आणि कुणाची नाही हे सांगताना, हीच आयत पुरावा म्हणून देतात. म्हणजे रावी, अर्थात हदीस सांगणारी माणसं, तपासायच्या अख्ख्या उद्योगाचा एक मुख्य आधारच एका सहाबीने दिलेल्या चुकीच्या खबरीवर उतरलेला आहे. वलीदकडे शेवटी परत येऊ.

आता ‘पहिल्या दिवसापासून’. पहिल्या दिवसापासून काय होतं माहितीये का, भांडण होतं. पैगंबर गेले ६३२ मध्ये, त्यानंतर २४ वर्षांनी, ६५६ मध्ये, बसऱ्याजवळ जमलची लढाई झाली आणि एका बाजूला अली, दुसऱ्या बाजूला पैगंबरांच्या पत्नी आयशा, तल्हा, जुबैर. सगळे मोठे सहाबी, आणि एकमेकांसमोर तलवारी. मग सिफ्फीनची लढाई झाली, खारिजी नावाचा गट फुटला, त्यांनी उस्मान आणि अली दोघांनाही काफिर ठरवलं. पुढच्या पिढीपुढे साधा प्रश्न उभा राहिला की आता यांच्यातल्या कुणाचं ऐकायचं? इब्न सीरीन बसऱ्याचे, ७२९ च्या सुमारास वारले, त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे की आधी लोक सनद, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं ती साखळी, विचारत नसत, फितना, म्हणजे हे आपसातलं भांडण, झाला तेव्हा म्हणायला लागले, तुम्ही कुणाकडून ऐकलं त्यांची नावं सांगा. म्हणजे सहाबांमधल्या या फाटाफुटीनेच रावीचं नाव विचारायची सवय लागली असं त्या काळातला माणूस स्वतः सांगतोय, आणि आपला फॉरवर्ड म्हणतो सहाबांवरच्या विश्वासामुळे विचारणंच बंद झालं.

बसऱ्यातच मुअतजिला पंथाचा वासिल इब्न अता झाला (मृत्यू ७४८). त्याच्या नावावर सांगतात ते असं, की जमलमधल्या दोन बाजूंपैकी एक नक्की फासिक आहे पण कुठली ते मला माहीत नाही, त्यामुळे अली आणि तल्हा दोघांनी मिळून भाजीच्या एका जुडीबद्दल साक्ष दिली तरी मी ती घेणार नाही, एकाच बाजूचे दोघे आले तर घेईन. कोर्टाच्या दृष्टीने बघितलं तर बिनचूक आहे हे! दोघांतला एक खोटा, कुठला ते ठाऊक नाही, मग जोडी बाद. पुढे त्याच पंथाचा नज्जाम आला, त्याने अबू हुरैरा आणि इब्न मसऊद अशा मोठ्या सहाबांपर्यंत हात घातला, आणि त्याला उत्तर द्यायला इब्न कुतैबाला (मृत्यू ८८९) अख्खं पुस्तक लिहावं लागलं. शिया तर आजही एकेक सहाबी वेगळा तोलतात, सगळ्यांना सरसकट आदिल मानतच नाहीत. ‘मुस्लिमांच्या मते’ असं एका दमात लिहिताना कोट्यवधी शिया विसरले जातात.

सरसकट आदिल हे सूत्र पक्कं झालं ते या वादातून, मुख्यतः हिजरी तिसऱ्या-चौथ्या शतकात. रै शहरातले अबू जुरआ (मृत्यू ८७८) म्हणायचे की सहाबांची निंदा करणाऱ्याला झिंदीक, म्हणजे धर्मबुडवा, समजा, कारण कुराण आणि सुन्नत आपल्यापर्यंत पोचवली ती सहाबांनी, आणि या लोकांना आपल्या साक्षीदारांनाच बाद करायचंय. वाक्य कडक आहे आणि मला ते फारसं रुचत नाही, पण त्यातला ‘साक्षीदार’ हा शब्द पकडा. भीती सरळ होती, पहिलीच कडी तुटली तर साखळीला अर्थ राहत नाही. तेराव्या शतकात इब्न सलाह लिहितात की फितन्यात सापडलेल्यांसकट सगळे सहाबा आदिल, यावर उम्मतीचं, म्हणजे सगळ्या मुस्लिम समाजाचं, एकमत आहे. एकमत म्हणे! त्यांच्या शंभरएक वर्षं आधीच माजरी (मृत्यू ११४१) नावाचे मालिकी आलिम लिहून गेले होते की सहाबा आदिल म्हणतो तेव्हा आमच्या मनात ते लोक असतात ज्यांनी पैगंबरांची सोबत केली, साथ दिली, मदत केली. एखाद्या दिवशी दिसला किंवा कामापुरता भेटून गेला असा प्रत्येक जण नव्हे. हे मत आपल्यापर्यंत पोचलं ते इब्न हजरच्या सहाबांवरच्या ग्रंथातून, ते स्वतः सहमत नव्हते तरी नोंद करून ठेवली. तर ‘ठरलेलं’ वगैरे काही नव्हतं, भांडून भांडून ठरवलं, आणि ठरल्यावरही कुरबुर चालूच राहिली.

आता ‘तपास बंद’. इथे जरा बसून वाचा, कारण खरा मुद्दा हाच आहे. मी एकच केस घेतो, अबू बकराची. (खलिफा अबू बक्र नव्हे, हा वेगळा, नाव नुफैअ. तायफच्या वेढ्यात किल्ल्याच्या भिंतीवरून रहाटाला धरून खाली उतरला आणि मुसलमानांना येऊन मिळाला, रहाटाच्या चाकाला अरबीत बकरा म्हणतात, म्हणून ते टोपणनाव. गुलाम होता, पैगंबरांनी मुक्त केलं.)

हिजरी १७, बसरा. गव्हर्नर आहे मुगीरा इब्न शुअबा, तोही सहाबी. अबू बकरा, नाफिअ, शिब्ल आणि जियाद, चौघे मदिनेत उमरसमोर जातात आणि म्हणतात आम्ही मुगीराला परक्या बाईबरोबर पाहिलं. व्यभिचार सिद्ध करायला चार साक्षीदार लागतात, चारही असे की प्रत्यक्ष कृत्य पाहिलंय. तिघांनी ठाम सांगितलं. चौथा जियाद, अबू बकराचा आईकडून भाऊ, ऐनवेळी डगमगला, म्हणाला संशयास्पद बरंच पाहिलं पण प्रत्यक्ष ते नाही पाहिलं. झालं, चार ऐवजी तीन. कुराणाचा नियम सरळ आहे, चार साक्षीदार न आणता आरोप केला तर ८० फटके, त्यांची साक्ष पुन्हा कधीच घेऊ नका, आणि ते फासिक आहेत, तौबा केली तर गोष्ट वेगळी (२४:४-५). उमरने तिघांना फटके मारले. मग म्हणाले, आरोप मागे घ्या, पुढे तुमची साक्ष घेईन. दोघांनी घेतला. अबू बकरा हटून बसला, मी जे पाहिलं ते पाहिलं. हा सगळा प्रकार बुखारीच्या हदीससंग्रहात साक्षीवरच्या प्रकरणात थोडक्यात नोंदलेला आहे, लपवलेला नाही.

आणि याच अबू बकराच्या हदीस त्याच बुखारीत आहेत. मुगीराच्याही आहेत. थांबा आणि विचार करा, एकाने आरोप केला, दुसऱ्याने नाकारला, दोघांपैकी कुणीतरी चुकलेला आहे (ती बाई मुगीराची स्वतःचीच बायको होती, यांनी ओळखली नाही, असंही एक स्पष्टीकरण देतात), तरी हदीससाठी दोघेही चालले. वासिलने डोक्याला हात लावला असता.

कसं जमवलं हे? हनफी कायदापंथाच्या लोकांनी सांगितलं की साक्ष वेगळी आणि रिवायत, म्हणजे हदीस सांगणं, वेगळं. खोट्या आरोपाचे फटके खाल्लेल्याची कोर्टातली साक्ष त्यांच्याकडे तौबेनंतरही कायमची बाद, पण हदीस सांगणं हा कुणाच्या हक्कावर गदा आणणारा प्रकार नाही, तो सगळ्यांना सारखाच लागू होणारा आहे, सांगणाऱ्यालासुद्धा. शाफई कायदापंथाच्या सिद्धांतवाल्यांनी दुसरी वाट काढली, अबू बकराने शिवी दिली नव्हती, साक्ष द्यायला आला होता, संख्या भरली नाही हा त्याचा गुन्हा नव्हे, म्हणून फटके बसले तरी तो फासिक होत नाही. पटतं का? मला दुसरी वाट थोडी सोयीची वाटते, कारण आयतीत असा अपवाद शब्दाने नाही. पण पहिली वाट खरोखर विचार करून काढलेली आहे, आपल्याकडेही कोर्टात साक्षीदार आणि इतिहासाचा साधनकार यांना एकाच मापाने मोजत नाहीत.

१९८७ मध्ये मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मेर्निसी यांनी नेमकी हीच गाठ पकडली. अबू बकराची सगळ्यात गाजलेली हदीस म्हणजे ‘ज्या लोकांनी आपला कारभार बाईच्या हाती दिला त्यांचं भलं होणार नाही’. प्रसंग असा की इराणच्या खुस्रोची मुलगी बूरान ६३० मध्ये गादीवर बसल्याची बातमी आली तेव्हा पैगंबर हे म्हणाले, आणि अबू बकराला ते आठवलं कधी, तर जमलच्या वेळी, २६ वर्षांनी, आयशा हरलेल्या बाजूला असताना. मेर्निसींचं म्हणणं, आठवण्याची वेळ बघा, आणि माणूस तर फटके खाल्लेला. इमाम मालिक लोकांशी बोलताना खोटं बोलणाऱ्याकडून हदीस घेत नसत, त्या मापाने हा बाद. प्रश्न एकदम रास्त आहे. युक्तिवादात मात्र एक उडी आहे, अबू बकरा खोटं बोलला असं काही उमरच्या कोर्टात सिद्ध झालं नव्हतं, साक्ष अपुरी पडली होती, आणि हटून बसणं हे खोटेपणाचं लक्षण धरायचं की खरेपणाचं हे ज्याने त्याने ठरवावं.

पण मला दाखवायचंय ते पुढे आहे. ही हदीस अबू बकराकडून सांगतात हसन बसरी. आता हदीसच्या टीकाकारांनी अबू बकराच्या पाठीवरचे वळ मोजले नाहीत हे खरं, तो दरवाजा त्यांनी लावून घेतला. पण लगेच पुढच्या कडीवर ते तुटून पडले, हसनने अबू बकराकडून प्रत्यक्ष ऐकलंय का? कारण हसन साधूपुरुष असले तरी मधलं नाव गाळून सांगायची त्यांची सवय सगळ्यांना माहीत होती. दारकुत्नी नावाचे हदीसतज्ज्ञ म्हणाले या दोघांच्या मध्ये अहनफ नावाचा माणूस असायचा. बुखारींनी मात्र आपल्या उस्तादांचं, अली इब्न मदीनींचं, वाक्य पुस्तकातच टाकलं की हसनने अबू बकराकडून ऐकलं हे आमच्या मते सिद्ध झालं ते फक्त या एका हदीसमुळे, आणि ती हदीस म्हणजे पैगंबरांनी नातू हसनकडे बोट दाखवून म्हटलं की हा मुलगा दोन गटांत समेट घडवेल, कारण तिथे हसन बसरी स्वतः म्हणतात, मी अबू बकराला सांगताना ऐकलं. एका ‘ऐकलं’ या शब्दावर सगळी साखळी लटकलेली! ही माणसं तपास बंद करणारी वाटतात का तुम्हाला? तपास चालूच होता, फक्त चारित्र्यावरून सरकून एक पाऊल पुढे गेला, आणि पहिल्या कडीवर सवलत दिल्यामुळे पुढच्या कड्यांवर दुप्पट जोर आला. एखादी हदीस विचित्र वाटली की दोष शोधायचा तो सहाबीच्या खाली, विद्यार्थ्यात, विद्यार्थ्याच्या विद्यार्थ्यात. कधी कधी तो तिथेच असायचा. कधी कधी, माझ्या मते, बिचाऱ्या खालच्या रावीच्या माथी उगाच मारला गेला असणार.

शिवाय पहिल्या कडीवरही एक खिडकी उघडी राहिली, ती म्हणजे स्मरणशक्ती. खोटं बोलत नाही हे वेगळं, चुकत नाही हे वेगळं. यात सगळ्यात पुढे हजरत आयशा. इब्न उमर सांगायचे, घरचे रडले की मयताला कबरीत शिक्षा होते, आणि हे पैगंबरांचं म्हणून सांगायचे. आयशाबीबींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, पैगंबर एका यहुदी बाईच्या मयतीजवळून गेले, तिचे लोक रडत होते, तेव्हा म्हणाले की हे रडतायत आणि तिला तिथे शिक्षा होतेय. म्हणजे रडण्यामुळे नव्हे. आणि वर कुराण दाखवलं, कुणी कुणाच्या पापाचं ओझं उचलत नाही (६:१६४). त्यांचं एक वाक्य सहीह मुस्लिममध्ये आहे, तुम्ही ज्यांच्याकडून सांगताय ते खोटारडे नाहीत, पण कान चुकतो. अख्ख्या वादाचं उत्तर या एका वाक्यात आहे असं मला नेहमी वाटतं, आणि ते सहाबांच्याच पिढीतलं आहे. आयशाबीबींनी इतर सहाबांच्या अशा कितीतरी चुका काढल्या, चौदाव्या शतकात जरकशींनी तेवढ्याच गोळा करून वेगळी किताब केली. तसंच उमर. अबू मूसा म्हणाले की तीनदा परवानगी मागून उत्तर नाही आलं तर परत फिरावं असं पैगंबरांनी सांगितलंय, तर उमर म्हणाले साक्षीदार आण. बिचारे घाबरून अन्सारच्या, म्हणजे मदिनेतल्या मुसलमानांच्या, बैठकीत गेले आणि अबू सईद खुदरींना बरोबर घेऊन आले.

हनफींनी तर याचा नियमच केला. आमच्या घरात हा विषय निघतोच, कारण आम्ही कोकणातले, शाफई, आणि वहिनी लातूरची, हनफी. बाजाराच्या आदल्या दिवशी धार न काढता कास तुंबवून म्हैस विकायला आणतात ना, घेणाऱ्याला वाटतं अरे वा काय दूध देते, आणि घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी खरं कळतं. यावर अबू हुरैरांची हदीस आहे (तिथे शेळी आणि उंटीण आहे, पण लबाडी तीच), की घेणाऱ्याला जनावर परत करता येतं आणि काढलेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर द्यायचा, म्हणजे साधारण अडीच-तीन किलो. शाफई ही हदीस जशीच्या तशी लावतात. हनफी म्हणतात, दुधाची भरपाई दुधाने किंवा दुधाच्या किमतीने व्हायला हवी, दूध शेरभर असो की घडाभर, खजूर तेवढाच, हे हिशेबात बसत नाही. ईसा इब्न अबान (मृत्यू ८३६) या हनफी काझींनी यावर सरळ लिहिलं की अबू हुरैरा प्रामाणिक आहेत पण फकीह, म्हणजे कायद्याचे जाणकार, नाहीत, त्यामुळे त्यांची एकट्याची हदीस ठरलेल्या नियमांच्या आड आली तर आम्ही नियम धरू. बाकीच्या हदीसवाल्यांनी यावर कडाडून टीका केली, सगळ्या हनफींनाही ते पटलं नाही, पण मत नोंदलेलं आहे आणि ते काढणारा माणूस सुन्नीच राहिला. फॉरवर्डवाल्याने इथे काय म्हणायचं?

राहिला ‘कुणीही सहाबी’. व्याख्या सैल आहे हे मान्य, इब्न हजर (मृत्यू १४४९) यांची व्याख्या अशी की ज्याने ईमानाच्या अवस्थेत पैगंबरांची भेट घेतली आणि इस्लामवरच वारला तो सहाबी, किती वेळ भेटला याला महत्त्व नाही. मला स्वतःला माजरींचं मत जास्त बरं वाटतं. पण ‘कुणीही’ नाही हो. इथे आपल्याच देशातली एक मजेदार केस आहे. भटिंड्याला बाबा रतन म्हणून होते, हिजरी सहाशेनंतर त्यांच्या नावाचा गाजावाजा झाला की हे सहाशे वर्षांहून जास्त वयाचे आहेत आणि पैगंबरांना भेटलेत! लोक लांबून येऊन त्यांच्याकडून ‘थेट’ हदीस घ्यायला लागले, मध्ये एकही रावी नाही, म्हणजे सनद एकदम छोटी, कुणाला नको असते. दमिश्कमध्ये बसलेल्या जहबींनी (मृत्यू १३४८) यावर अख्खं पुस्तक लिहून त्यांना दज्जाल म्हटलं. मोजपट्टी तयार होती. पैगंबरांनी आयुष्याच्या शेवटी एका रात्री इशाच्या नमाजानंतर सांगितलं होतं की आज जमिनीवर जे कुणी आहेत त्यांच्यातलं शंभर वर्षांनी कुणीही राहणार नाही. त्यावरून हिजरी ११० च्या पुढे कुणी सहाबी असल्याचा दावा केला की तो आपोआप रद्द. शेवटचे सहाबी म्हणून अबू तुफैलचं नाव घेतात, ते हिजरी १०० ते ११० च्या दरम्यान गेले. रतनबाबांचा दर्गा अजून भटिंड्यात आहे, श्रद्धा ज्याची त्याची, हदीसच्या खात्यात मात्र शून्य जमा.

आता कबुलीजबाब. क्लीन चिट हा शब्द आगाऊ आहे, पण एका जागी तो लागतो. ताबिई, म्हणजे सहाबांनंतरच्या पिढीतला माणूस, म्हणाला की ‘मला पैगंबरांच्या एका साथीदाराने सांगितलं’, नाव नाही, गाव नाही, तरी बहुतेक मुहद्दिस ती हदीस घेतात, कारण सगळेच आदिल, मग नाव कशाला. हाच बेनाव माणूस एक पिढी खाली असता तर मजहूल म्हणून कचऱ्यात गेला असता. तसंच इब्न अब्बास पैगंबर गेले तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचे, त्यांनी सांगितलेलं बरंचसं दुसऱ्यांकडून ऐकलेलं, मधलं नाव गाळलेलं, तरी चालतं. आणि मूळ पुराव्यातही एक फट आहे. आयती दिल्या जातात त्या समूहाच्या कौतुकाच्या, मक्केहून आलेले पहिले मुहाजिर आणि अन्सार, झाडाखाली शपथ घेणारे. त्यावरून मक्का जिंकल्यावर आलेल्या प्रत्येकाचं वैयक्तिक सर्टिफिकेट कसं निघतं? आणि कौतुकाच्या आयतीला (९:१००) लागूनच पुढची आयत म्हणते की मदिनेत असे ढोंगी आहेत ज्यांना तू ओळखत नाहीस, आम्ही ओळखतो. उलेमा म्हणतात ढोंगी हा सहाबी नव्हेच. बरोबर, पण ओळखायचा कसा, हा प्रश्न तिथेच राहतो.

याला सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला वाटतं एका जैदी आलिमाने दिलं, यमनचे इब्न वजीर (मृत्यू १४३६). जैदी म्हणजे शियांचीच शाखा, त्यांच्या आजूबाजूच्या लोकांचा मुआविया, अम्र इब्न आस आणि मुगीरावर अजिबात विश्वास नव्हता. इब्न वजीर म्हणाले ठीक आहे, वाद नको, या तिघांच्या कायद्याबद्दलच्या हदीस काढा आणि बघा की तेच दुसऱ्या कुणी, ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे, सांगितलंय का. बसून एकेक काढली, आणि जवळजवळ सगळ्यांना दुसरीकडून आधार सापडला. माणसाच्या चारित्र्यावर हुज्जत न घालता मालच तपासायचा.

हाच धागा विसाव्या शतकात दुसऱ्या यमनी माणसाने उचलला, अब्दुर्रहमान मुअल्लिमी. हे बरीच वर्षं आपल्या शेजारी, निजामाच्या हैदराबादला, दाइरतुल मआरिफमध्ये जुनी अरबी हस्तलिखितं तपासून छापायचं काम करत होते, रावींच्या परीक्षणाचे मोठमोठे ग्रंथ त्यांच्या हातून गेले. १९५८ मध्ये इजिप्तच्या महमूद अबू रय्या यांनी सहाबांवर, खास करून अबू हुरैरांवर, तुफान हल्ला चढवला तेव्हा मुअल्लिमींनी उत्तर लिहिलं, आणि त्यात आपला वलीद परत येतो. त्यांचा मुद्दा असा की चला, सगळ्यात वाईट माणूस घेऊ, फटके खाल्लेला, आयतीत फासिक म्हटला गेलेला, खलिफाचा भाऊ, हातात सत्ता. याने पैगंबरांच्या नावावर काय काय खपवलं? शोधलं तर हाती येते फक्त एक हदीस. मक्का जिंकली तेव्हा लोक आपली पोरं पैगंबरांकडे आणत होते, ते डोक्यावरून हात फिरवून दुआ देत होते, मलाही नेलं, पण मला केशरी सुगंधी लेप लावलेला होता म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला नाही. बस एवढंच. स्वतःच्या बाजूने काही रचायचं असतं तर निदान हात तरी फिरवून घेतला असता.

मुद्दा झकास आहे, पण अबू दाऊदमधली ही हदीस वलीदकडून सांगणारा पुढचा रावी, अब्दुल्ला हमदानी, हाच मजहूल, कोण कुठला पत्ता नाही. आणि इब्न अब्दुल बर्र यांनी कधीच दाखवून दिलंय की मक्का जिंकताना जो लहान पोर होता, त्याला त्यानंतर थोड्याच काळात जकात गोळा करायला कोण पाठवेल. म्हणजे त्या बदनाम वलीदने तेवढीही एक सांगितली की नाही, याचाच भरवसा नाही.